‘साचा उघडा’ म्हणजे नेमकं काय?

टायर कारखान्यात कच्चा टायर तापवून पक्का करणारी प्रेस असते. तिच्या शेजारी लावलेल्या मराठी तक्त्यात ‘साचा उघडा’ एवढे दोनच शब्द लिहिले, तर वाचणाऱ्यानं काय समजायचं? हा हुकूम आहे, बटण दाबून साचा उघडायचा आहे? की साचा उघडाच आहे, असं त्याला कळवलं जातंय? मूळ इंग्रजी तक्त्यात या दोन वेगळ्या ओळी असतात. ‘ओपन मोल्ड’ ही कृती आणि ‘मोल्ड ओपन’ ही स्थिती. शब्दांची जागा बदलली की अर्थ बदलतो. मराठीत भाषांतर करणारा दोन्ही ठिकाणी प्रामाणिकपणे ‘साचा उघडा’ लिहितो, आणि दोन्ही वेळा त्याचं व्याकरण बरोबरच असतं.

घोटाळा होतो तो साचा पुल्लिंगी असल्यामुळे. ‘खिडकी उघडा’ आणि ‘खिडकी उघडी’ यांत गोंधळ होत नाही. दार असतं तर ‘दार उघडा’ आणि ‘दार उघडं’ असं कानालाच कळलं असतं. पुल्लिंगी साच्यापाशी मात्र आज्ञार्थ आणि विशेषण एकच रूप घेऊन उभे राहतात.

हा व्याकरणाच्या तासापुरता किस्सा राहत नाही, कारण त्या साच्याच्या आत दाब कोंडलेला असतो. टायरचा व्यास 60 सेंटिमीटर आणि आतला दाब 15 बार धरला, तर साच्याच्या दोन अर्ध्या भागांना एकमेकांपासून ढकलणारं बल सुमारे 43 टन वजनाइतकं होतं. आत वाफही असते आणि तिचं तापमान 200 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. आतला दाब शून्यावर आल्याशिवाय साचा उघडू नये म्हणून यंत्रात कुलपं आणि सुरक्षा-जोडण्या बसवलेल्या असतात. तरीही दुरुस्तीच्या वेळी, हातानं चालवताना किंवा एखादी झडप अडकल्यावर शेवटचा भरवसा समोर उभ्या असलेल्या माणसावर आणि त्यानं वाचलेल्या ओळीवरच असतो. म्हणून प्रशिक्षणाच्या तक्त्यात या दोन ओळी तीन करून लिहायला हव्यात. ‘बटण दाबून साचा उघडा’ ही माणसाची कृती. ‘साचा आपोआप उघडतो, हात लांब ठेवा’ ही यंत्राची कृती. आणि ‘साचा उघडलेला आहे’ ही स्थिती. अक्षरं वाढतात, पण तक्त्यावर तेवढी जागा असते.

महाराष्ट्रात नाशिकचं सातपूर, नागपूरजवळचं बुटीबोरी, छत्रपती संभाजीनगरजवळचं वाळूज, पुण्याजवळचं चाकण अशा औद्योगिक वसाहतींत टायर बनतात. तिथं येणारा शिकाऊ मुलगा बहुधा आयटीआय करून आलेला असतो. तो इंग्रजी अक्षरं वाचतो, पण इंग्रजी वाक्य वाचताना अडखळतो. कारखान्यातल्या वैधानिक सूचना बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही लावाव्यात, असं 1948 च्या कारखाने अधिनियमानंच म्हटलं होतं. प्रश्न ‘समजणाऱ्या’ या शब्दापाशी येतो. कागद देवनागरीत छापला म्हणजे तो समजणारा झाला, असं नाही.

टायरच्या परिभाषेत शब्दकोश पहिल्या पानावरच दगा देतो. साच्यात जायला तयार, पण अजून न तापवलेल्या टायरला इंग्रजीत ‘ग्रीन टायर’ म्हणतात. तो काळाच असतो. इथल्या ‘ग्रीन’चा अर्थ कोवळा, कच्चा, ओल्या लाकडाला इंग्रजीत म्हणतात तसा. ‘हिरवा टायर’ असं लिहिलं की शिकाऊ मुलगा हिरवा रंग शोधणार. त्यातून बाजारात इंधन वाचवणाऱ्या टायरलाही ‘ग्रीन टायर’ म्हणतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. ‘कच्चा टायर’ म्हटलं की सगळं मिटतं. टायरच्या अंगाला, म्हणजे आतल्या धाग्यांच्या मूळ बांध्याला, ‘कार्कस’ म्हणतात. कोश उघडला तर तिथं मेलेल्या जनावराचं धड सापडतं. इमारतीचा असतो तसा टायरचाही ‘सांगाडा’च म्हणावा. साच्याच्या मध्यभागी एक जाड रबरी पिशवी असते. ती वाफेनं फुगते आणि कच्च्या टायरला आतून साच्यावर दाबते. तिचं नाव ‘ब्लॅडर’. कोश म्हणतो मूत्राशय. फुटबॉलच्या आतल्या पिशवीला ब्लॅडर म्हणायची सवय मराठीला जुनी आहे, तेव्हा ब्लॅडरला हात न लावणं उत्तम.

सगळं मराठी करायचा हट्ट चुकीचा आणि सगळं इंग्रजी ठेवायची सवयही तितकीच चुकीची. त्यातल्या त्यात एक कसोटी कामाला येते. शब्द एखाद्या वस्तूचं नुसतं नाव असेल, आणि ती वस्तू बोट दाखवून ओळखता येत असेल, तर कारखान्यात चालतं तेच नाव देवनागरीत ठेवावं. ब्लॅडर, व्हॉल्व्ह, ड्रम, लोडर यांना मराठी नाव दिलं तरी स्टोअरमधून तो भाग मागवताना इंग्रजी नावच लागणार. पण शब्द जेव्हा काय करायचं, काय बिघडलं किंवा कुठं पाहायचं हे सांगतो, तेव्हा तो मराठीत असायला हवा, आणि तोही आधीपासून कामगाराच्या तोंडी असलेला.

याला एक अपवाद मात्र गंमतीचा वाटला तरी महत्त्वाचा आहे. टायरची जी कड रिमवर बसते, तिच्या आत पोलादी तारांचं कडं असतं. इंग्रजीत त्या कडेला ‘बीड’ म्हणतात. कोशातून घेतलं तर ‘मणी’ होतो, जो इथं निरर्थक आहे. म्हणून कुणी देवनागरीत नुसतं ‘बीड’ लिहितं, तर मराठी कारागिराच्या लेखी बीड म्हणजे ओतीव लोखंड. लेथवर काम केलेला मुलगा ‘बीड तपासा’ वाचून ओतीव भागाकडे पाहील. पंक्चर काढणारा ज्याला सरळ ‘टायरची तार’ म्हणतो, तोच शब्द इथं घ्यावा आणि ‘तारेचं कडं’ लिहावं.

आता टायर बांधणीकडे वळू. टायर ‘ओतला’ जातो असं बाहेरच्या माणसाला वाटतं. प्रत्यक्षात तो थरावर थर ठेवून बांधला जातो, आणि हे काम साच्यापेक्षा शिवणकामाच्या जास्त जवळचं आहे. फिरत्या ड्रमवर आधी हवा धरून ठेवणाऱ्या रबराचा पातळ पत्रा गुंडाळतात. त्यावर रबरात बुडवलेल्या धाग्यांचा थर येतो. दोन्ही बाजूंना तारेची कडी बसवतात आणि धाग्यांच्या थराचे काठ त्या कड्यांवरून उलटवून आत दुमडतात. मग बाजूचं रबर, पोलादी पट्टे आणि सर्वांत वर रस्त्याला टेकणारा जाड पट्टा. तो झिजला की आपण म्हणतो, टायर गोटा झाला.

धाग्यांच्या थराला इंग्रजीत ‘प्लाय’ म्हणतात. त्याला ‘स्तर’ म्हणणारे तक्ते असतात. पण दोरीला, सुताला आणि घडीच्या पोळीला मराठीत पदर असतात. तीन पदरी दोर म्हटलं की घरात बसलेल्या आजीलाही कळतं. प्लाय म्हणजे नेमका पदर. ‘पहिला पदर ड्रमवर गुंडाळा’ हे वाक्य पहिल्या वाचनात समजतं, आणि पदराला काठ असतो, पदर दुमडता येतो, ही सगळी शब्दसंपत्तीही त्याच्याबरोबर फुकट येते.

पदर ड्रमभोवती गुंडाळला की त्याची दोन टोकं एकमेकांवर येतात. तो ‘स्प्लाइस’, म्हणजे सांधा. इथं काही धाग्यांच्या रुंदीइतकंच एकावर एक चढायला हवं. जास्त चढलं तर त्या जागी धागे दुप्पट होतात, बाजू तिथं कमी ताणली जाते, आणि टायरमध्ये हवा भरल्यावर बाजूवर उभी खोलगट रेघ दिसते. थोडीशी खोलगट रेघ बहुधा दिसण्यापुरती असते. पण कमी चढलं, सांधा मोकळा राहिला, तर तिथं धागेच नाहीत अशी फट तयार होते आणि बाजू बाहेर फुगते. हा फुगवटा धोक्याचा. या दोषाचं इंग्रजी नाव ‘ओपन स्प्लाइस’. शब्दशः भाषांतर केलं की पुन्हा तोच सापळा: ‘सांधा उघडा’. सांधा पुल्लिंगी, त्यामुळे वाचणारा तो उघडायलाही निघू शकतो. मराठीत शिवण सुटली की ती उसवते. ‘सांधा उसवला’ असं लिहिलं की दोष कळतो, आणि उसवायला ‘उसवा’ असा हुकूम कुणी समजत नाही.

शिवणकामाचे शब्द असे उपयोगी पडतात म्हणून एका जागी ते फसवतातही. प्रत्येक थर चढवल्यावर त्यावरून दातेरी किंवा गुळगुळीत चाकं फिरवून थर घट्ट बसवतात. या कामाला इंग्रजीत ‘स्टिचिंग’ म्हणतात. सुई नाही, दोरा नाही, टाका नाही. ‘पदर शिवा’ हे भाषांतर इथं साफ खोटं आहे. चाकाचं काम दोन थरांमध्ये अडकलेली हवा बाहेर हाकलायचं असतं. म्हणून ते मधून सुरू होऊन काठाकडे जातं. काठाकडून मध्याकडे फिरवलं तर हवा आतच कोंडेल. पोळी लाटताना हात जसा मधून कडेला जातो, तसंच. तक्त्यात ‘मधून काठाकडे चाक फिरवून हवा काढा’ असं लिहिलं, की कृतीबरोबर दिशा आणि कारणही पोचतं. इंग्रजी शब्दात यातलं काहीच नव्हतं.

ही न निघालेली हवा पुढे प्रेसमध्ये हिशेब मागते, म्हणून प्रेसकडे जाऊ.

रबराला गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची रीत अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला 1839 मध्ये सापडली. इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकनं त्याच वाटेनं पेटंट घेतलं, आणि त्याच्या विल्यम ब्रॉकडन नावाच्या मित्रानं रोमन अग्निदेव व्हल्कन याच्यावरून या क्रियेला नाव सुचवलं. कच्च्या रबराचे लांबच लांब रेणू एकमेकांवरून घसरू शकतात, म्हणून ते चिकट आणि लिबलिबीत असतं. गंधक त्या रेणूंमध्ये आडवे टेकू घालतं आणि रबर ताणलं तरी परत मूळ आकारात येतं. पुस्तकी मराठीत याला व्हल्कनीकरण म्हणतात. कारखान्यात सगळे ‘क्युअरिंग’ म्हणतात. कोशात ‘क्युअर’ला ‘उपचार’ आहे, आणि बांधकामावर काम केलेल्या माणसाला क्युअरिंग म्हणजे काँक्रीटवर पाणी मारणं. त्यापेक्षा मराठीतली कच्चा-पक्का ही जोडी बघा. कच्चा टायर आत जातो आणि पक्का होऊन बाहेर येतो. ‘टायर पक्का करणं’ ही क्रिया, ‘टायर कच्चा राहिला’ हा दोष. एका जोडीत तीन अर्थ बसतात आणि शिकवावं काहीच लागत नाही.

प्रेसचा फेरा असा चालतो. लोडर कच्च्या टायरला वरच्या कड्यापाशी धरून ब्लॅडरवर आणून ठेवतो. ब्लॅडरमध्ये अगदी हलका दाब, बहुधा एक बारच्याही आतला, सोडून टायरला आकार दिला जातो. मग साचा बंद होऊन कुलूप लागतं आणि ब्लॅडरमध्ये जोराची वाफ शिरते. नंतर तिच्या जागी किंवा तिच्या जोडीला नायट्रोजन वायू किंवा गरम पाणीही वापरतात. साचा बाहेरूनही वाफेनं तापवलेला असतो. साच्याला जागोजाग बारीक भोकं असतात. त्यांतून हवा निघून जाते आणि मागोमाग थोडं रबर शिरतं. नव्या टायरवर जे रबरी केस दिसतात, ते याच भोकांचे. मोटारीच्या टायरला साधारण 10 ते 15 मिनिटं लागतात, ट्रकच्या जाड टायरला पाऊण तासाच्या आसपास. शेवटी दाब सोडतात, ब्लॅडर ओढून रिकामा करतात आणि साचा उघडतो.

या वर्णनातही एक जुळा शब्द लपला आहे. साच्याचं बारीक भोक म्हणजे ‘व्हेंट’ आणि वाफ बाहेर सोडणं म्हणजेही ‘व्हेंट’. इंग्रजी तक्त्यात ‘व्हेंट तपासा’ अशी एकच ओळ दोन अर्थांनी येऊ शकते. मराठीत इथं उलट फायदा होतो. ‘साच्याची हवाभोकं साफ आहेत का पाहा’ आणि ‘ब्लॅडरमधली वाफ सोडा’ असं लिहिल्यावर अर्थ मूळ कागदापेक्षा स्पष्ट होतो. भाषांतर करणाऱ्यानं अशी जागा सापडली की मूळ इंग्रजी लिहिणाऱ्यालाही कळवावं.

मराठी शब्दाची खरी ताकद कळते ती दोष ओळखताना. समजा, प्रेसमधून बाहेर आलेल्या टायरच्या खांद्यावर उंचवटा दिसतो. इंग्रजी तक्ता त्याला ‘ब्लो’ किंवा ‘ब्लिस्टर’ म्हणतो आणि मराठी तक्ता दोन्हींना ‘फुगा’. मुलगा नोंदवहीत लिहितो, फुगा आला. पुढचा माणूस पक्कं करण्याची वेळ दोन मिनिटांनी वाढवतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा फुगा येतो.

तो टायर कापून पाहिला, तर दोन अगदी वेगळ्या गोष्टी दिसू शकतात. एकदा दोन थरांमध्ये पोकळी दिसते आणि तिच्या भिंती गुळगुळीत, चकचकीत असतात. भोवतीचं रबर घट्ट आणि पक्कं असतं. ही हवा बांधणीच्या वेळी आत राहिली. चाक नीट फिरलं नाही, किंवा थरांमध्ये ओल, धूळ वा तेलाचा डाग होता. वेळ कितीही वाढवली तरी ही हवा जाणार नाही. दुसऱ्या वेळी कापल्यावर पोकळी नसते, तर रबर स्पंजासारखं बारीक बारीक भोकांचं दिसतं. हा भाग कच्चा राहिला. रबरात थोडी ओल आणि वायू होणारी द्रव्यं नेहमीच असतात. साच्यात दाब असेपर्यंत ती दबून राहतात. रबर पुरेसं पक्कं होण्याआधीच दाब सोडला की ती फुलतात आणि मऊ रबराला भोकं पाडतात.

या दुसऱ्या दोषाला मराठीत आयता शब्द आहे: जाळी. आंबोळीला, ढोकळ्याला, अनारशाला जाळी पडते. ती आत कोंडलेला वायू निसटल्यानं पडते आणि आजूबाजूचं पीठ त्याच वेळी मऊ असतं, अगदी रबरासारखंच. तेव्हा तक्त्यात दोन ओळी वेगळ्या कराव्यात. ‘फुगा: भिंती गुळगुळीत, बांधणीकडे जा.’ ‘जाळी: रबर स्पंजासारखं, प्रेसकडे जा.’ दोष ओळखणाऱ्याच्या हातात आता शब्दाबरोबर पत्ताही आला.

जाळीचा माग पुढे नेऊ. ती टायरमध्ये कुठंही पडत नाही. खांद्यापाशी किंवा तारेच्या कड्यापाशी, म्हणजे जिथं रबर सर्वांत जाड असतं तिथं पडते. रबर उष्णता फार हळू आत जाऊ देतं. त्यामुळे बाहेरचा पापुद्रा पक्का झाला तरी गाभा मागे राहतो. शिवाय साधारण ठोकताळा असा, की तापमान 10 अंशांनी घसरलं तर पक्कं होण्याचा वेग जवळजवळ निम्मा होतो. म्हणजे फेरा 12 मिनिटांचा असेल आणि पूर्ण वेळ वाफ 10 अंश थंड राहिली, तर टायरला प्रत्यक्षात 6 मिनिटांइतकंच पक्केपण मिळालं. घड्याळ मात्र 12 च दाखवतं. वेळेची नोंद बरोबर आणि टायर कच्चा, हे कोडं इथं सुटतं. टायर प्रेसमध्ये आडवा पडलेला असतो. वाफेचं पाणी झालं आणि ते वेळेवर बाहेर गेलं नाही, तर ब्लॅडरच्या तळाशी साचतं आणि खालची बाजू थंड राहते. जाळी फक्त खालच्या बाजूच्या खांद्यात दिसली, तर आधी पाणी बाहेर काढणारा ट्रॅप तपासायला हवा. या ट्रॅपला ‘वाफेचा सापळा’ लिहू नये. तो पाणी सोडून वाफ अडवतो, पण सापळा वाचून मुलगा त्यात वाफ साठते असं समजतो. ‘पाणी सोडणारा स्टीम ट्रॅप’ पुरे.

किती वेळ पुरेसा, हे ठरवायची पद्धतही याच जाळीवर उभी आहे. एकाच मापाचे टायर उदाहरणार्थ 12, 11, 10 आणि 9 मिनिटांनी बाहेर काढतात आणि कापतात. समजा, 9 मिनिटांच्या टायरमध्ये जाळी आहे आणि 10 मिनिटांच्यात नाही. या सीमेला इंग्रजीत ‘ब्लो पॉइंट’ म्हणतात. प्रत्यक्ष वेळ त्याच्या पुढे थोडी राखीव ठेवून ठरवतात. तक्त्यात ‘जाळी थांबण्याची वेळ’ असं लिहिलं तर एका ओळीत संकल्पना कळते. या सीमेवर निघालेला टायर पूर्ण पक्का नसतो, पण जाड भागात उरलेल्या उष्णतेनं तो बाहेरही थोडा पक्का होत राहतो. गॅस बंद केल्यावर झाकण ठेवलेला भात आतल्या वाफेवर शिजतो, तसं. म्हणून वेळ उगीच वाढवणंही बरं नाही. फार तापलेलं नैसर्गिक रबर पुन्हा मऊ पडू लागतं आणि टायरचं आयुष्य घटतं.

आता ज्या शब्दानं सगळ्यांत जास्त भाषांतरकार फसतात, तो ‘स्कॉर्च’. कोश सांगतो: करपणं, होरपळणं. मराठी शब्द चपखल वाटतो आणि तिथंच चूक होते. करपलेल्या वस्तूला वास येतो, ती काळी पडते. रबर आधीच काळं असतं आणि स्कॉर्च झालेल्या रबराला जळका वास येईलच असं नाही. स्कॉर्च म्हणजे रबर वेळेआधीच पक्कं व्हायला लागणं. मिश्रण घुसळताना, पत्रे लाटताना, पट्टे काढताना प्रत्येक ठिकाणी रबर तापतं आणि त्याच्या वाट्याच्या वेळेतला थोडा थोडा भाग खर्च होतो. जास्त खर्च झाला की पट्ट्याची कड खरखरीत, फाटकी निघते, आत बारीक कडक गाठी लागतात आणि चिकटपणा जातो. मग सांधा चिकटत नाही, आणि मगाशी पाहिलेला उसवलेला सांधा इथून जन्म घेतो. ‘करपलं का पाहा’ असं वाचणारा वास घेईल आणि ठीक आहे म्हणेल.

‘लागणं’ हा शब्द सुचतो, कारण दही लागतं. पण भातही लागतो, आणि तो करपतोच. त्यामुळे तो शब्द बाद. काँक्रीट किंवा पाक ‘धरतो’, तो शब्द मात्र जुळतो. ‘रबर आधीच धरलं’ असं लिहावं आणि खाली लगेच खुणा द्याव्यात: खरखरीत कड, गाठी, कमी चिकट. खुणा दिल्याशिवाय दोषाचं नाव छापूच नये.

एवढे शब्द जुळले तरी वाक्यांचा घोळ उरतो. कार्यालयीन मराठी म्हणते, ‘टायर लोड केला जातो’, ‘दाब तपासण्यात यावा’. कोण लोड करतं? यंत्र की माणूस? कोणी तपासायचं? प्रेसपाशी हा प्रश्न हातापायाशी येतो. ज्या ओळीत यंत्र आपोआप हलतं, तिथं कर्ता यंत्र असावा. जिथं माणसानं करायचं, तिथं ‘तुम्ही’ म्हणून सरळ आज्ञार्थ असावा. आणि अट आधी, कृती नंतर. ‘साचा उघडू नका, जोपर्यंत दाब शून्य होत नाही’ हे इंग्रजी मांडणीचं वाक्य घाईत अर्धंच वाचलं जातं. ‘ब्लॅडरमधला दाब शून्य झाल्यावरच साचा उघडा’ यात अट न वाचता कृतीपर्यंत पोचताच येत नाही. शिवाय कुठला दाब, हेही त्यात स्पष्ट आहे. बाहेरच्या वाफेचा दाब वेगळा आणि ब्लॅडरमधला वेगळा, म्हणून तक्त्यात नुसता ‘दाब’ कुठंही लिहू नये.

तयार तक्त्याची परीक्षा साहेबांच्या सहीनं होत नाही. ज्यानं प्रेस कधी पाहिली नाही अशा मुलाला तो वाचायला द्यावा, कागद काढून घ्यावा आणि त्याला यंत्रापाशी उभं करून विचारावं: आता तू काय करशील, कशाकडे बघशील, कुठं हात लावणार नाहीस? तो ज्या शब्दाशी अडखळेल, तो शब्द चुकीचा, मग तो कुठल्याही परिभाषा कोशात असो. दुसरी परीक्षा जुन्या ऑपरेटरपाशी. त्याला कापलेला टायर दाखवावा आणि ‘याला काय म्हणता?’ एवढंच विचारावं. उत्तर येईल ते त्याच्या शब्दांत लिहून घ्यावं.

टायरच्या कारखान्यात तीस वर्षं काम केलेले अनेक जण आता निवृत्त होत आहेत. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात असा माणूस असेल, तर त्याच्याकडून दोषांची आणि कामांची ही बोलीतली नावं वहीत उतरवून घ्या, आणि प्रत्येक नावापुढं तो दोष हाताला आणि डोळ्याला कसा कळतो तेही लिहा.